‘माझे समाधान झाले आहे’ या वाक्यामागे न्यायालय काय शोधते

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला जिल्हाधिकाऱ्यांनी एमपीडीए या महाराष्ट्राच्या प्रतिबंधक कायद्याखाली, खटला न चालवता स्थानबद्ध केले आहे. आदेशात तीन ठिकाणी ‘माझे समाधान झाले आहे’ असे लिहिले आहे. ओळखीचे वकील म्हणतात, हे समाधान व्यक्तिनिष्ठ असते, न्यायालय त्यात शिरत नाही. मग उच्च न्यायालयात जाऊन तपासले काय जाते? आणीबाणीत तर काहीच तपासले गेले नव्हते ना?

उत्तर:

आपल्या वकिलांनी सांगितले ते अर्धे बरोबर आहे. जिल्हाधिकाऱ्यांसमोर असलेली सामग्री पुरेशी होती का, आणि त्याच सामग्रीवरून आपण तोच निष्कर्ष काढला असता का, हे उच्च न्यायालय विचारत नाही. स्थानबद्धतेच्या आदेशाविरुद्धची याचिका म्हणजे अपील नव्हे. परंतु समाधान हे शेवटी कोणाच्या तरी मनात, कशावरून तरी आणि कशाबद्दल तरी व्हावे लागते. ते त्या अधिकाऱ्याचे स्वतःचे होते का, कायद्याने सांगितलेल्या गोष्टीबद्दलच होते का, आणि महत्त्वाची सगळी कागदपत्रे पाहून झाले होते का, हे तीनही प्रश्न न्यायालय विचारते आणि बरेच बारकाईने विचारते. खुदीराम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली ही चौकट मांडली. अधिकाऱ्याने मन लावलेच नसेल, दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही केली असेल, अधिकार भलत्याच हेतूने वापरला असेल, चुकीची कसोटी लावली असेल, गैरलागू गोष्टी विचारात घेतल्या किंवा लागू असलेल्या वगळल्या असतील, किंवा कोणताही समंजस माणूस पोहोचणार नाही अशा निष्कर्षावर तो पोहोचला असेल, तर कायद्याला अपेक्षित असलेले समाधान झालेलेच नाही असे मानले जाते. समाधान ही अधिकार वापरण्याची पूर्वअट असल्यामुळे ते नसेल तर आदेशही उरत नाही.

न्यायाधीशांना अधिकाऱ्याच्या मनात डोकावता येत नाही. ते कागद पाहतात. प्रस्ताव कोणी आणि कधी पाठवला, त्याला काय जोडले होते, काय जोडायचे राहिले, आदेश कधी निघाला आणि स्थानबद्धाच्या हाती नेमके काय पडले, या सगळ्याची छाननी होते. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद 22(5) ला या क्षेत्रात इतके वजन आहे. स्थानबद्ध व्यक्तीला अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याचा आणि वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क घटनेनेच काढून घेतलेला आहे. त्याच्या बदल्यात दोन गोष्टी दिल्या आहेत: स्थानबद्धतेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवली गेली पाहिजेत, आणि त्याविरुद्ध अभिवेदन करण्याची, म्हणजे आपले म्हणणे लेखी मांडण्याची, लवकरात लवकर संधी मिळाली पाहिजे. कारणे लेखी द्यावी लागतात म्हणून समाधान तपासता येते.

आणीबाणीबद्दलच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही याच ठिकाणी आहे. आणीबाणी होती म्हणून न्यायालयाने डोळे मिटले, असे सरसकट म्हणता येत नाही, कारण 1962 च्या आणीबाणीत तसे घडले नव्हते. चीनच्या आक्रमणानंतर ऑक्टोबर 1962 मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि ती 1968 पर्यंत चालली. अनुच्छेद 359 खाली राष्ट्रपतींनी मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा हक्क तेव्हाही निलंबित केला होता. मात्र त्या आदेशाला एक अट होती: ज्याला भारत संरक्षण कायद्याखाली किंवा त्याच्या नियमांखाली स्थानबद्ध केले आहे, त्याच्यापुरतेच ते निलंबन होते. म्हणजे आपली स्थानबद्धता त्या नियमांना धरून नाही, असे म्हणण्याची वाट खुली राहिली. डॉ. राममनोहर लोहियांना ऑगस्ट 1965 मध्ये पाटण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी स्थानबद्ध केले तेव्हा ही वाट उपयोगी पडली. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे शब्द होते. आदेशात ‘कायदा व सुव्यवस्था’ असे लिहिले गेले. अधिकाऱ्याच्या मनात सार्वजनिक सुव्यवस्थाच होती, असे नंतर शपथपत्रावर सांगण्याचा प्रयत्न झाला. न्यायालयाच्या बहुमताने ते स्वीकारले नाही आणि आदेश रद्द केला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी तेथे एकात एक अशा तीन वर्तुळांची उपमा वापरली. सर्वांत मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे आणि सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळात पोहोचते असे नाही. आज एमपीडीएच्या जवळजवळ प्रत्येक निकालात ही वर्तुळे येतात, आणि त्यांचा उगम ऐन आणीबाणीत दिलेल्या निकालात आहे.

त्याच काळातले महाराष्ट्रातले एक प्रकरण मला नेहमी आठवते. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या एका गृहस्थांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले आणि हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवण्याची परवानगी मागितली. शासनाने ती नाकारली. उच्च न्यायालयाने हस्तलिखित पाठवू द्यावे असा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1965 मध्ये तो कायम केला. स्थानबद्धतेच्या शर्तींत पुस्तक लिहिण्यावर बंदी नव्हती, तेव्हा नियमात नसलेले बंधन शासनाला घालता येणार नाही, इतका साधा तर्क होता.

1975 च्या आणीबाणीत दोन गोष्टी बदलल्या. 27 जून 1975 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात 1962 सारखी अट उरली नाही. अनुच्छेद 14, 21 आणि 22 यांच्यासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क सरसकट निलंबित झाला. दुसरा बदल मिसा या तेव्हाच्या स्थानबद्धतेच्या कायद्यात झाला. कलम 16-अ घालून, आणीबाणीशी संबंधित स्थानबद्धतेत कारणे कळवण्याचे बंधन काढून टाकले गेले आणि कारणे व सामग्री ही शासनाची गोपनीय बाब ठरवली गेली. समाधान तपासण्याचा कागदच नाहीसा झाला. तरीही अनेक उच्च न्यायालयांनी, निदान कायद्याच्या चौकटीबाहेरचे आदेश तरी आम्ही तपासू, अशी भूमिका घेतली होती. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक अशा मताने तीही वाट बंद केली. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते. पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 20 व 21 आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत अशी तरतूद केली, आणि खाजगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला. त्याच 44 व्या घटनादुरुस्तीतला, स्थानबद्धतेची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाच्या मताविना स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणणारा भाग मात्र कधीच अंमलात आणला गेला नाही.

आता आपल्या भावाच्या कायद्याकडे वळू. एमपीडीए हा महाराष्ट्राचा 1981 चा अधिनियम. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्यापासून त्याची सुरुवात झाली. नंतर धोकादायक व्यक्ती, वाळू तस्कर, जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे इत्यादी वर्ग त्यात जोडले गेले. आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त काढतात. तो 12 दिवसांत शासनाने मंजूर केला नाही तर आपोआप संपतो. स्थानबद्धतेपासून पाच दिवसांच्या आत कारणे द्यावी लागतात, तीन आठवड्यांच्या आत प्रकरण सल्लागार मंडळाकडे जावे लागते आणि मंडळाने सात आठवड्यांच्या आत अहवाल द्यावा लागतो. कमाल मुदत 12 महिने.

आदेश तपासताना काय पाहिले जाते हे समजण्यासाठी एक प्रकरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक दोष मी प्रत्यक्ष कागदपत्रांत अनेकदा पाहिलेला आहे. तालुक्याच्या गावातला 27 वर्षांचा एक तरुण ‘धोकादायक व्यक्ती’ म्हणून स्थानबद्ध केला गेला. कारणांत सुरुवातीला 2019 ते 2022 मधले चार गुन्हे ‘पूर्वेतिहास’ म्हणून दिले आहेत. त्यानंतर दोन ताजे गुन्हे आहेत. 9 फेब्रुवारीला त्याने पानटपरीवाल्याकडे पैसे मागून त्याला लोखंडी गजाने मारले. 26 फेब्रुवारीला जामीन मिळाला, त्यात दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची आणि साक्षीदारांना न धमकावण्याची अट होती. 4 मे रोजी शेताच्या बांधावरून चुलतभावाशी भांडण झाले, रात्री शेतातल्या खोपटात त्याने चाकू दाखवला. यात त्याला अटकही झाली नाही, नोटीस देऊन सोडले. शिवाय ‘अ’ आणि ‘ब’ या दोन साक्षीदारांचे गोपनीय जबाब 12 आणि 14 मे रोजी नोंदवले आहेत. पोलीस अधीक्षकांमार्फत प्रस्ताव 25 मे रोजी गेला. आदेश 11 सप्टेंबरचा आहे, तो 13 सप्टेंबरला बजावला गेला आणि 20 सप्टेंबरला शासनाने मंजूर केला.

पहिला प्रश्न वर्तुळांचा. चुलतभावाच्या खोपटात दाखवलेला चाकू हा गुन्हा आहे, पण तो दोन कुटुंबांतला आहे. त्याने गावाचे रोजचे जगणे विस्कळीत झाले असे कागदावर दिसत नसेल, तर तो बाहेरच्या वर्तुळातच राहतो. पानटपरीची घटना वेगळी असू शकते. भर बाजारात, गज फिरवत, आजूबाजूची दुकाने बंद करायला लावून मारले असेल तर परिणाम एका माणसावर थांबत नाही. अरुण घोष प्रकरणात 1969 साली न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे फरक कृत्याच्या प्रकारात नसतो, तर ते समाजाच्या जीवनात किती खोल पोहोचते यात असतो. त्यामुळे ‘एकाच माणसाला मारले, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था नाही’ असे यांत्रिक उत्तर चालत नाही, आणि ‘लोकांमध्ये दहशत पसरली’ हे प्रत्येक आदेशात छापल्यासारखे येणारे वाक्यही पुरेसे ठरत नाही. मी पहिल्यांदा प्रथम खबर आणि घटनास्थळाचा पंचनामा काढून पाहतो. दहशतीने दुकाने बंद झाल्याचे कारणांत लिहिले असेल आणि मूळ खबरीत त्याचा उल्लेखही नसेल, तर ते वाक्य नंतर घातलेले आहे, हे न्यायालयाला दाखवता येते.

‘धोकादायक व्यक्ती’ या व्याख्येतला ‘सवयीने’ हा शब्दही येथे महत्त्वाचा आहे. एखाद्या सुट्या कृत्यावरून सवय सिद्ध होत नाही. कृत्यांची पुनरावृत्ती आणि त्यांच्यात एक धागा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने विजय नारायण सिंग प्रकरणात 1984 साली सांगितले. त्यामुळे जुने चार गुन्हे कशासाठी दिले आहेत हे बारकाईने वाचावे लागते. आदेशात ‘हे फक्त पार्श्वभूमी म्हणून’ असे म्हणून पुढे निष्कर्ष मात्र त्याच गुन्ह्यांवर उभा केलेला असतो, असे पुष्कळदा दिसते. दोन-पाच वर्षांपूर्वीच्या घटना आणि आजची स्थानबद्धता यांच्यात जिवंत दुवा लागतो. तो तुटलेला असेल तर शिळ्या सामग्रीवर झालेले समाधान टिकत नाही.

दुसरा प्रश्न जामिनाचा, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक आदेश येथेच ढासळतात. माणूस जामिनावर असेल तर जामीन अर्ज आणि जामीन आदेश या दोन्ही गोष्टी अधिकाऱ्यासमोर ठेवल्या गेल्या पाहिजेत आणि त्यांच्या प्रती स्थानबद्धाला दिल्या गेल्या पाहिजेत. कारण सरळ आहे. न्यायालयाने जामीन देताना काय पाहिले आणि कोणत्या अटी घातल्या, हे न वाचता ‘सामान्य कायदा अपुरा आहे’ असा निष्कर्ष कोणालाच काढता येणार नाही. आपल्या उदाहरणातल्या आदेशात ‘सदर इसम जामिनावर मुक्त आहे’ एवढे एकच वाक्य आहे. हजेरीच्या अटीचा उल्लेख नाही, ती त्याने मोडली असेही कोणी म्हटलेले नाही, आणि जामीन रद्द करण्याचा अर्जही पोलिसांनी कधी केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये कॉफेपोसा या तस्करीविरोधी कायद्याखालचा एक आदेश याच कारणावरून रद्द केला: जामिनाच्या अटी पुढील कृत्ये रोखायला पुरेशा आहेत का, याचा विचार अधिकाऱ्याने केलाच नव्हता. माणूस अजून तुरुंगात असेल तर कसोटी आणखी कडक होते. तो कोठडीत आहे याची जाणीव अधिकाऱ्याला हवी, तो सुटण्याची खरी शक्यता आहे हे दाखवणारी सामग्री हवी, आणि सुटल्यावर तो पुन्हा तेच करील असे मानायला आधार हवा.

तिसरा प्रश्न गोपनीय जबाबांचा. नातेवाईकांना याचा सर्वाधिक राग येतो, कारण कोण बोलले हेच कळत नाही. येथे कायद्याची मर्यादा स्वीकारून पुढे जावे लागते. अशा जबाबांवर एमपीडीएचा आदेश उभा राहू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली मान्य केले आहे, आणि साक्षीदाराचे नाव व ओळख पटेल असा तपशील लोकहिताच्या कारणास्तव रोखून ठेवता येतो. पण म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने त्याला एक कुंपण घातले: जबाब वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पडताळलेला हवा, आणि तो व त्यातली भीती खरी आहे याबद्दल स्थानबद्ध करणाऱ्या अधिकाऱ्याचेही समाधान झालेले कागदावर दिसले पाहिजे. जिल्ह्यांत ही पडताळणी सामान्यतः उपविभागीय पोलीस अधिकारी करतात. उदाहरणातल्या ‘अ’ च्या जबाबाखाली ‘पडताळणी केली’ असा शिक्का आणि 19 मे ची सही आहे. ‘ब’ च्या जबाबाच्या दिलेल्या प्रतीवर पडताळणीची नोंदच नाही. दोन्ही जबाब जवळजवळ शब्दशः सारखे आहेत: ‘एप्रिलमध्ये एके दिवशी सायंकाळी’, चाकू, खिशातून काढून घेतलेले पैसे, पळालेले लोक. दिवस नाही, ठिकाण नाही. साक्षीदाराची ओळख लपवण्यासाठी नाव आणि घर लपवावे लागते; पण घटनेचा दिवस आणि रस्ताही नसेल, तर स्थानबद्ध माणूस ‘त्या दिवशी मी गावात नव्हतो’ असे साधे उत्तरही देऊ शकत नाही. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या हातभट्टीच्या एका प्रकरणात अशा मोघम, एका साच्यातल्या जबाबांवर बोट ठेवले आणि आदेश रद्द केला.

हे बोट ठेवताना एक खबरदारी घ्यावी. जबाब मोघम आहेत आणि जबाब खोटे आहेत, हे दोन वेगळे मुद्दे आहेत. दुसरा मुद्दा वस्तुस्थितीचा वाद आहे आणि रिट याचिकेत तो बहुधा ऐकला जात नाही. अनेक कुटुंबे याचिकेची पंचवीस पाने भाऊ निर्दोष कसा आहे यावर खर्च करतात, आणि पडताळणीच्या कोऱ्या जागेचा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत येतो.

चौथा प्रश्न उशिराचा. प्रस्ताव 25 मेचा, आदेश 11 सप्टेंबरचा. मध्ये साडेतीन महिने. स्थानबद्धता हा उद्याचा धोका आजच रोखण्याचा उपाय आहे. धोका खरोखर इतका निकडीचा होता, तर फाइल इतके दिवस कुठे होती, हा प्रश्न त्यातून आपोआप निघतो. त्रिपुरातल्या अशाच प्रकरणात, प्रस्ताव आणि आदेश यांच्यातला साडेचार महिन्यांचा उशीर व न ठेवलेले जामीन आदेश, या दोन कारणांवरून सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2022 मध्ये स्थानबद्धता रद्द केली. मात्र दिवस मोजून निकाल लागत नाही. शासनाने शपथपत्रात प्रत्येक टप्प्याचा पटणारा खुलासा दिला तर चार महिनेही चालू शकतात, आणि खुलासाच नसेल तर दोन महिनेही घातक ठरू शकतात. ‘प्रशासकीय कारणांमुळे’ हा शब्दप्रयोग खुलासा मानला जात नाही. आदेश निघाल्यावर तो बजावायला झालेल्या उशिराचेही असेच; तिथे माणूस फरार होता असे उत्तर येते, तेव्हा त्याच काळात तो पोलीस ठाण्यात हजेरी लावत होता का, हे हजेरीवहीत पाहावे.

पाचवा प्रश्न अभिवेदनाचा, आणि तो समाधानाच्या नंतरचा असला तरी तितकाच निर्णायक आहे. शासनाची मंजुरी मिळेपर्यंत आदेश मागे घेण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडेही असतो. त्यामुळे त्यांच्याकडेही अभिवेदन करता येईल, असे स्थानबद्धाला सांगितलेच पाहिजे. ते न सांगितल्यास स्थानबद्धता बिघडते, असे एमपीडीएच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली ठरवले. आजकाल छापील नमुन्यात हे वाक्य असते, पण ते आहे का हे डोळ्यांनी पाहून घ्या. आपल्या उदाहरणात आईने 22 सप्टेंबरला तुरुंगामार्फत शासनाकडे अभिवेदन दिले आणि त्यावर निर्णय 9 नोव्हेंबरला झाला. या 48 दिवसांचा हिशेब शासनाला द्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा फाइल एका टेबलावर नुसती पडून असल्याचे त्या हिशेबातच उघड होते.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. नागपूरकडच्या एका स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत देऊन पोलीस अधिकाऱ्याने ती तोंडी समजावून सांगितली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि त्याने भाषांतर मागितले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1962 साली तोंडी समजावणे अपुरे ठरवून त्याला सोडले. आज कारणे मराठीत असतात, पण जोडलेल्या वैद्यकीय दाखल्यांची आणि जामीन आदेशांची इंग्रजी पाने पुष्कळदा भाषांतराविना येतात, आणि काही पाने इतकी फिकट असतात की वाचताच येत नाहीत. ज्या कागदावर समाधान अवलंबून आहे तो वाचता न येणे म्हणजे तो न मिळणेच.

शासनाकडून येणारे एक उत्तर आधीच ध्यानात ठेवा. कलम 5-अ सांगते की प्रत्येक कारण स्वतंत्र मानावे. एक कारण पडले तरी उरलेल्यावर आदेश टिकतो. 1953 साली शिब्बनलाल सक्सेना प्रकरणात न्यायालयाने उलट सांगितले होते, की एक कारण गेले तर अधिकाऱ्याच्या मनावर त्याचा किती परिणाम झाला हे कळत नाही, म्हणून सारा आदेशच जातो. ते तत्त्व टाळण्यासाठी अशी कलमे आली. त्यामुळे केवळ ‘ब’ चा जबाब पाडून थांबू नये. पानटपरीच्या घटनेवर एकट्याने आदेश टिकेल का, याचेही उत्तर तयार ठेवावे. जामीन आदेश न पाहण्याचा दोष म्हणूनच अधिक जड असतो. तो एका कारणापुरता राहत नाही; सामान्य कायदा अपुरा आहे या मूळ निष्कर्षालाच तो लागू होतो, आणि तिथे कलम 5-अ कामी येत नाही.

सल्लागार मंडळासमोर वकील उभा राहू शकत नाही, तरी ती सुनावणी वाया घालवू नका. शासनाकडून कायदेशीर सल्लागार हजर राहिला तर स्थानबद्धालाही तोच हक्क मिळतो, आणि मदतीला मित्र नेण्याची मुभा मागता येते. मार्च 2024 मध्ये तेलंगणातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मंडळांना स्पष्ट सांगितले की त्यांनी शिक्का मारणारी यंत्रणा होऊन चालणार नाही; आदेश कायद्याच्या कसोटीवर टिकतो का, हे त्यांनीही पाहिले पाहिजे. भावाच्या हाती वर सांगितलेल्या तारखांचे एका पानाचे टिपण द्या. मंडळ त्यावर काय करते हे सांगता येत नाही, पण तुमचा मुद्दा पहिल्या महिन्यापासून अभिलेखावर राहतो.

वेळेबद्दल मात्र मनात भ्रम ठेवू नका. स्थानबद्धता 12 महिन्यांची आणि याचिका अंतिम सुनावणीला यायला चार-सहा महिने, असे मी अनेकदा पाहिले आहे. आदेश रद्द झाला तरी तोवर निम्मी मुदत भोगून झालेली असते. म्हणून मंडळाच्या अहवालाची किंवा शासनाच्या उत्तराची वाट पाहत याचिका थांबवू नये. अभिवेदन आजच तुरुंग अधीक्षकांमार्फत द्या, पोच घ्या, आणि कारणांसोबत मिळालेल्या सर्व पानांची पान क्रमांकासह यादी करा. त्या यादीत जामीन अर्ज, जामीन आदेश आणि गोपनीय जबाबांवरील पडताळणीची सही आहे का, एवढे प्रथम तपासा आणि जे नाही ते एका कागदावर लिहून वकिलांकडे न्या.